पैसे लवकर सुटणारं मशीन की पैसे जास्त देणारं? भांडवल अपुरं असतानाचा हिशेब

कोल्हापूरकडच्या फौंड्रीत नवीन मशीनचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पैसे सुटतात किती वर्षांत?" मशीनची किंमत काय, वर्षाला वाचतात किती, एकाला दुसऱ्यानं भागलं की उत्तर तयार. यालाच पेबॅक म्हणतात. ही पद्धत वाईट नाही. पण हातात पाच चांगली कामं असतात आणि पैसे त्यातल्या दोन-तीनच कामांना पुरणारे असतात. अशा वेळी हा प्रश्न चुकीच्या कामाला पुढे काढतो. नेमकं हे कसं घडतं आणि त्याऐवजी काय मोजायचं, ते एका उदाहरणातून पाहू.

शिरोली एमआयडीसीतली मध्यम आकाराची एक फौंड्री धरू. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत. या वर्षी नव्या कामांसाठी एकूण 110 लाख रुपये आहेत. त्यातले 40 लाख स्वतःचे, 70 लाख बँकेचं मुदत कर्ज. याहून जास्त द्यायला बँक तयार नाही, कारण तारण संपलं आहे. भांडवलाचा दर 12 टक्के धरू, म्हणजे बँकेचं व्याज आणि मालकाला स्वतःच्या पैशावर हवा असलेला परतावा यांचा मेळ. टेबलावर पाच प्रस्ताव आहेत.

पहिला, एका ग्राहकाच्या तीन वर्षांच्या ऑर्डरसाठी लागणारे पॅटर्न, कोअर बॉक्स आणि फिक्स्चर. ऑर्डर संपली की हे पॅटर्न दुसऱ्या कुणाच्या कामाचे नसतात. दुसरा, जुना पिस्टन कॉम्प्रेसर काढून स्क्रू कॉम्प्रेसर बसवायचा आणि गळकी एअर लाइन बदलायची. तिसरा, व्हीएमसी मशीन. त्यामुळे कच्च्या कास्टिंगऐवजी मशीनिंग केलेलं कास्टिंग विकता येईल. चौथा, सँड रिक्लेमेशन प्लांट. वापरलेली रेती फोडायची, दाण्यांवरचा रेझिनचा थर घासून काढायचा, धूळ वेगळी करायची आणि तीच रेती पुन्हा मोल्डिंगला घ्यायची. नव्या रेतीची खरेदी आणि जुनी रेती टाकण्याचा खर्च, दोन्ही कमी होतात. पाचवा, शेडवर 150 किलोवॅटचं सोलर. खालच्या तक्त्यात वर्षाची रक्कम कर आणि देखभाल वजा जाता उरणारी आहे, आणि सगळे आकडे लाखांत आहेत.

| काम | खर्च | दरवर्षी मिळणारे | किती वर्षं | पेबॅक (वर्षं) |
|---|---|---|---|---|
| पॅटर्न व फिक्स्चर | 30 | 12 | 3 | 2.5 |
| कॉम्प्रेसर | 20 | 7 | 6 | 2.9 |
| व्हीएमसी | 40 | 12 | 6 | 3.3 |
| सँड प्लांट | 50 | 14 | 8 | 3.6 |
| सोलर | 60 | 12 | 20 | 5.0 |

पेबॅकच्या क्रमानं निवड केली तर पॅटर्न, कॉम्प्रेसर आणि व्हीएमसी येतात. खर्च 90 लाख. उरलेल्या 20 लाखांत दुसरं काही बसत नाही. मालक या यादीवर खूश असतो, कारण तिन्ही कामांचे पैसे साडेतीन वर्षांच्या आत सुटतात.

आता पहिल्याच कामाचं खातं मांडून बघू. मशीनला एक कर्जदार समजा. कारखान्यानं त्याला 30 लाख दिले आणि 12 टक्के व्याज लावलं. पहिल्या वर्षअखेर व्याज 3.6 लाख चढलं, त्यानं 12 लाख भरले, बाकी राहिली 21.6 लाख. दुसऱ्या वर्षी व्याज साधारण 2.6 लाख, पुन्हा 12 लाख भरले, बाकी 12.2 लाख. तिसऱ्या वर्षी व्याज जवळपास दीड लाख, शेवटचे 12 लाख आले आणि ऑर्डर संपली. खात्यावर अजून 1.65 लाख बाकी आहेत आणि भरणारं कुणी उरलं नाही. पेबॅकच्या यादीत पहिल्या नंबरवर असलेलं हे काम कारखान्याचं व्याजसुद्धा पूर्ण फेडत नाही.

डिस्काउंटेड पेबॅक म्हणजे हेच खातं. मुद्दल आणि त्यावरचं व्याज असं दोन्ही फिटायला किती वर्षं लागतात, एवढंच तो सांगतो. पुस्तकात तो उलट बाजूनं मांडलेला असतो. पुढच्या वर्षी मिळणाऱ्या 112 रुपयांची आजची किंमत 100 रुपये, म्हणून प्रत्येक वर्षाची रक्कम आजच्या किमतीत आणून बेरीज करत जायची आणि बेरीज खर्चाएवढी झाली की थांबायचं. कुठूनही गेलं तरी उत्तर एकच येतं. दरवर्षी सारखी रक्कम मिळत असेल तर एक्सेलमध्ये एका ओळीत होतं. सँड प्लांटसाठी असं लिहायचं:

```
=NPER(12%,-14,50)
```

उत्तर 4.9 वर्षं. कॉम्प्रेसरला 3.7, व्हीएमसीला 4.5, सोलरला 8.1 वर्षं लागतात. पॅटर्नसाठी एक्सेल 3.15 वर्षं दाखवेल. इथे सावध राहायचं, कारण ऑर्डर तीनच वर्षांची आहे हे एक्सेलला माहीत नसतं. आलेला आकडा कामाच्या आयुष्यापेक्षा मोठा असेल तर ते खातं कधीच फिटत नाही, असा त्याचा अर्थ.

म्हणजे डिस्काउंटेड पेबॅकनं एक खरी चूक पकडली आणि पॅटर्नचं काम बाद केलं. त्याच्या क्रमानं आता कॉम्प्रेसर, व्हीएमसी आणि सँड प्लांट निवडले जातात. खर्च बरोबर 110 लाख, एक रुपयाही उरला नाही. यादी दिसायला फारच नेटकी आहे. पण एक मोठा दोष तसाच राहिला: खातं फिटल्यानंतर काय होतं, याकडे ही पद्धत बघतच नाही.

सोलरचं उदाहरण घ्या. त्याचं खातं आठ वर्षं आणि वर थोडे दिवस लागून फिटतं, म्हणून ते यादीत शेवटी गेलं. पण फिटल्यावर ते जवळपास बारा वर्षं वीज देत राहतं. नवव्या ते विसाव्या वर्षात मिळणाऱ्या रकमेची आजची किंमत काढली तर ती 30 लाख भरते. लांबचे रुपये आजच्या हिशेबात बारीक होतात हे मान्य, पण बारीक होऊनही 30 लाख उरतात. डिस्काउंटेड पेबॅकच्या लेखी ही रक्कम शून्य आहे. त्याला फिटण्याची तारीख हवी असते, फिटल्यानंतरच्या कमाईशी त्याचं देणंघेणं नाही.

म्हणून आधी प्रत्येक काम आयुष्यभरात काय देतं ते मोजावं लागतं. सगळ्या वर्षांच्या रकमा आजच्या किमतीत आणून बेरीज करायची, त्यातून खर्च वजा करायचा. उरतं ते निव्वळ वर्तमान मूल्य. इथे आपण त्याला निव्वळ मूल्य म्हणू. सँड प्लांटच्या आठ वर्षांच्या रकमेची आजची किंमत 69.5 लाख येते:

```
=PV(12%,8,-14)
```

त्यातून 50 लाख गेले, निव्वळ मूल्य 19.5 लाख. याच रीतीनं सोलरचं 29.6 लाख, व्हीएमसीचं 9.3 लाख, कॉम्प्रेसरचं 8.8 लाख आणि पॅटर्नचं उणे 1.2 लाख. एक्सेलमध्ये `NPV` हे सूत्र वापरणाऱ्यांची इथे नेहमी एक चूक होते. ते सूत्र पहिली रक्कमसुद्धा एक वर्षानंतरची धरतं. आजचा खर्च त्या सूत्राच्या कंसात टाकला तर तोही वर्षभर पुढे ढकलला जातो आणि सगळे आकडे थोडे थोडे चुकतात. आजचा खर्च कंसाच्या बाहेर वेगळा वजा करायचा.

पैशाची अडचण नसती तर गोष्ट इथेच संपली असती. निव्वळ मूल्य शून्याच्या वर असलेली चारही कामं करून टाकायची, खर्च 170 लाख. पण आहेत 110 लाख. आता प्रत्येक कामाबरोबर एक छुपा खर्च येतो. ते काम घेतलं की दुसरं कुठलं तरी सोडावं लागतं.

अशा वेळी ट्रकवाल्यासारखा विचार करावा लागतो. गाडीला दहा टनच माल चालतो आणि बाहेर पंधरा टन माल भाड्यासाठी उभा आहे. एकूण भाडं जास्त देणारा माल आधी चढवायचा की टनामागे भाडं जास्त देणारा? टनामागे, कारण गाडीत टनच कमी आहेत. आपल्याकडे रुपये कमी आहेत, म्हणून रुपयामागे काय मिळतं ते बघायचं. प्रॉफिटॅबिलिटी इंडेक्स म्हणजे हेच: कामातून मिळणाऱ्या सगळ्या रकमांची आजची किंमत भागिले आज लागणारा खर्च. सँड प्लांटसाठी 69.5 भागिले 50, म्हणजे 1.39. गुंतवलेल्या प्रत्येक रुपयाचे आजच्या किमतीत 1 रुपया 39 पैसे होतात. सोलरचा इंडेक्स 1.49, कॉम्प्रेसरचा 1.44, व्हीएमसीचा 1.23, पॅटर्नचा 0.96. एकाच्या खाली म्हणजे रुपया देऊन 96 पैसे घेणं.

काही जण निव्वळ मूल्याला खर्चानं भागतात आणि सँड प्लांटचा इंडेक्स 0.39 सांगतात. क्रम तोच राहतो. पण दोन सल्लागारांचे अहवाल शेजारी ठेवून तुलना करताना कोणी कुठली रीत वापरली आहे हे विचारून घ्या. एकाचा 1.2 आणि दुसऱ्याचा 0.4 असेल तर दुसरं काम दुप्पट चांगलं असू शकतं.

पेबॅकच्या यादीत तळाला असलेलं सोलर इथे डोक्यावर आलं. आता इंडेक्सच्या क्रमानं गाडी भरू. सोलरचे 60, मग कॉम्प्रेसरचे 20, झाले 80. उरले 30 लाख. पुढचा नंबर सँड प्लांटचा, त्याला 50 लागतात, बसत नाही. व्हीएमसीला 40 लागतात, तेही बसत नाही. एकूण निव्वळ मूल्य 38.4 लाख आणि 30 लाख रुपये हातात रिकामे.

हे उत्तर पेबॅकच्या निवडीपेक्षा खूपच चांगलं आहे. पेबॅकची तिकडी एकूण 16.9 लाख देत होती, डिस्काउंटेड पेबॅकची 37.7 लाख. पण हे सर्वोत्तम नाही. कॉम्प्रेसर उतरवा आणि त्याच्या जागी सँड प्लांट चढवा. सोलर 60 आणि सँड 50, बरोबर 110 लाख, आणि निव्वळ मूल्य 49.2 लाख. इंडेक्समध्ये दुसऱ्या नंबरवर असलेलं काम सोडून तिसरं घेतलं आणि जवळपास 11 लाख जास्त मिळाले.

असं का व्हावं? ट्रकमध्ये धान्याची पोती असतील तर टनामागे भाड्याचा नियम अचूक चालतो, कारण शेवटची जागा अर्ध्या पोत्यानंही भरता येते. पण माल मोठ्या मशीनच्या पेट्यांचा असेल तर शेवटी रिकामी जागा राहते, आणि ती जागा वाया गेल्याचं नुकसान टनामागच्या भाड्यात दिसत नाही. सँड प्लांटचा तीन-पंचमांश भाग विकत मिळत नाही. इंडेक्सचा क्रम अचूक असतो तो कामं हवी तेवढी तुकड्यानं घेता येतात तेव्हा. नाहीतर रिकाम्या राहिलेल्या पैशाकडे बघावंच लागतं.

कामं चार-पाच असतील तर उपाय साधा आहे. मर्यादेत बसणाऱ्या सगळ्या जोड्या आणि तिकड्या मांडायच्या आणि ज्यांची निव्वळ मूल्यांची बेरीज सर्वांत मोठी ती घ्यायची. पॅटर्न बाद झाल्यावर चार कामांचे एकूण पंधराच गट होतात. त्यातले कित्येक 110 लाखांत बसतच नाहीत. अर्ध्या तासाचं काम आहे. वीस-पंचवीस कामं असतील तर मात्र गट लाखो-कोटींत जातात आणि एक्सेलच्या सॉल्व्हरची मदत घ्यावी लागते.

आणि इथे इंडेक्सचा एक उपयोग आहे, जो फार कमी जण करतात. कामं तुकड्यानं मिळतात असं क्षणभर मानून इंडेक्सच्या क्रमानं गाडी काठोकाठ भरायची: पूर्ण सोलर, पूर्ण कॉम्प्रेसर आणि सँड प्लांटचे 50 पैकी 30 लाख. निव्वळ मूल्य येतं 50.1 लाख. अख्ख्या मशीनचा कुठलाही गट याच्या वर जाऊ शकत नाही, कारण इथे आपण स्वतःला खऱ्यापेक्षा जास्त मोकळीक दिली होती. म्हणजे 50.1 हे छत आणि आपली जोडी 49.2 वर. अजून चांगला गट शोधत बसून फार तर लाखभर मिळतील, हे शोधायच्या आधीच कळलं.

भागाकारात खाली कुठली रक्कम ठेवायची, याबद्दल आता थोडं सविस्तर बोलायला हवं. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. खाली यायला हवी ती या वर्षी अपुऱ्या असलेल्या पैशातून जाणारी सगळी रक्कम. कोटेशनवरची किंमत हा तिचा फक्त एक भाग असतो.

व्हीएमसी पुन्हा उघडू. मशीन 40 लाखांचं. पण कास्टिंग मशीनिंग करून विकायचं म्हटलं की माल शेडमध्ये जास्त दिवस पडून राहतो, तयार मालाचा साठा वाढतो आणि ग्राहकाकडे अडकणारं बिलही मोठं होतं. समजा त्यात 8 लाख अडकले. हे पैसे बुडत नाहीत, सहा वर्षांनी मशीन बंद केलं की परत मिळतात. पण आज लागतात, आणि याच 110 लाखांतून लागतात. सहा वर्षांनंतरच्या 8 लाखांची आजची किंमत चार लाखांच्या आसपास. आता खर्च 48, मिळणाऱ्या रकमांची आजची किंमत 53.4, इंडेक्स 1.23 वरून 1.11 वर आला आणि निव्वळ मूल्य 5.4 लाख उरलं. डिस्काउंटेड पेबॅकची ती नेटकी तिकडी आठवा, बरोबर 110 लाखांत बसलेली. ती प्रत्यक्षात 118 लाखांची होती. अशी यादी घेऊन काम सुरू केलं की सहाव्या-सातव्या महिन्यात रेतीवाल्याचं बिल थकायला लागतं, आणि मालकाला वाटतं धंदा मंदावला. धंदा तसाच असतो. त्याचे पैसे व्हीएमसीच्या साठ्यात बसलेले असतात.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. एखाद्या कामाचे निम्मे पैसे पुढच्या वर्षी द्यायचे असतील तर या वर्षीच्या छेदात निम्मेच येतात आणि इंडेक्स एकदम फुगतो. तो आकडा खोटा नाही, पण तो फक्त या वर्षीच्या टंचाईबद्दल बोलतो. पुढच्या वर्षीही हात आखडताच असणार असेल तर त्या निम्म्या पैशाचा भार पुढच्या वर्षीच्या यादीवर पडतो, आणि एका वर्षाचा इंडेक्स त्याबद्दल गप्प असतो.

हा प्रश्न जुना आहे. शिकागो विद्यापीठातल्या जेम्स लोरी आणि लिओनार्ड सॅव्हेज या दोघांनी 1955 मध्ये नेमका हाच पेच मांडला: एका वर्षाच्या टंचाईत रुपयामागचा हिशेब चालतो, पण दोन-तीन वर्षांच्या मर्यादा एकाच वेळी लागल्या की एका कामाचे दोन-तीन वेगवेगळे छेद होतात आणि एका आकड्यानं क्रम लावता येत नाही. पुढे 1963 मध्ये मार्टिन वाइनगार्टनर यांनी हे गणित लिनिअर प्रोग्रॅमिंगनं सोडवून दाखवलं. छोट्या कारखान्याला तेवढं लागत नाही. पण त्यामागचा विचार लागतो, आणि तो असा.

पैसा खरोखर अपुरा असेल तर 12 टक्के हा त्याचा खरा दर नाही. या वर्षी आपण साधारण साडेसव्वीस टक्के परतावा देणारा कॉम्प्रेसर सोडून देतोय, म्हणजे दर तेवढा धरला तेव्हाच त्याचं निव्वळ मूल्य शून्यावर येतं. पुढच्या वर्षीही अशीच चांगली कामं पैशाअभावी सोडावी लागणार असतील, तर पुढच्या वर्षी परत आलेला रुपया 12 टक्क्यांच्या हिशेबापेक्षा बराच मोलाचा आहे, कारण त्यानं असंच एखादं काम उचलता येईल. लवकर परत येणाऱ्या पैशाला जास्त मान द्यायचा तर दर वाढवायचा. मग 18 टक्के लावून हेच आकडे पुन्हा काढू.

सोलरचा इंडेक्स 1.49 वरून 1.07 वर घसरतो. सँड प्लांट 1.14 वर, कॉम्प्रेसर 1.22 वर थांबतो. साठ्याचे 8 लाख धरलेलं व्हीएमसी एकाच्या खाली जातं. क्रम बदलला: कॉम्प्रेसर, सँड, सोलर. पेबॅक लावत होता तोच क्रम! पैसे लवकर सुटायला हवेत हा जुन्या मालकांचा आग्रह कुठून आला, ते इथे दिसतं. ज्यांनी दहा-दहा वर्षं बँकेच्या दारात पैशाची ओढ काढली, त्यांच्यासाठी पैशाचा दर खरोखरच 18-20 टक्के होता, फक्त त्यांनी तो कागदावर लिहिला नव्हता. त्यांची चूक आग्रहात नव्हती. आयुष्य संपणाऱ्या पॅटर्नला आणि सहा वर्षं चालणाऱ्या कॉम्प्रेसरला एकाच काट्यानं तोलण्यात होती.

आता निर्णय दोन्ही दरांवर तपासता येतो. 12 टक्क्यांना सर्वोत्तम ठरलेली जोडी, सोलर आणि सँड, 18 टक्क्यांना 11.3 लाख देते. पण या यादीत तुकड्यानं घेता येणारं एक काम आहे, ते म्हणजे सोलर. 150 ऐवजी 100 किलोवॅट बसवता येतं. मग 40 लाखांचं सोलर, 50 चा सँड प्लांट आणि 20 चा कॉम्प्रेसर, पुन्हा बरोबर 110 लाख. ही तिकडी 12 टक्क्यांना 48.1 लाख देते, म्हणजे जोडीपेक्षा फक्त एक लाख कमी. आणि 18 टक्क्यांना 14.4 लाख, म्हणजे तीन लाख जास्त. विजेचा दर युनिटमागे चार-आठ आणे इकडेतिकडे झाला तरी एक लाखाचा फरक पुसला जाईल, तेव्हा 12 टक्क्यांवरचा तो फरक मी फरक मानत नाही. एकच काळजी घ्यायची. 100 किलोवॅटला किलोवॅटमागे तोच दर मिळतो का, हे नवं कोटेशन मागवून बघायचं. कधी कधी लहान प्लांटला दर वाढतो.

पेबॅकला मी इथे बोलावतो, अगदी शेवटी, निव्वळ मूल्यं जवळपास सारखी निघाली की. जोडी वर्षाला 26 लाख परत आणते, तिकडी 29 लाख. एकत्र बघितलं तर 110 लाख जोडीतून सव्वाचार वर्षांत सुटतात, तिकडीतून पावणेचार वर्षांच्या जरा पुढे. बँकेचे 70 लाख पाच वर्षांत फेडायचे, दर 12 टक्के आणि वर्षाला एक हप्ता धरला तर हप्ता साधारण 19.4 लाख येतो. जोडी घेतली तर हप्ता भरून वर्षाला साडेसहा लाख उरतात, तिकडी घेतली तर साडेनऊ लाख. एखादा मोठा ग्राहक दोन महिने पैसे थांबवतो त्या वर्षी हे तीन लाख कामाला येतात. हप्त्याचा हा हिशेब निव्वळ मूल्यात मिसळायचा नाही. व्याज 12 टक्क्यांच्या दरात आधीच मोजलेलं आहे, हप्ता पुन्हा वजा केला तर तेच व्याज दोनदा कापलं जाईल. पैशाची ओढाताण होईल का, हे बघायला तो वेगळ्या कागदावर मांडायचा.

110 ही मर्यादा दगडावरची रेघ आहे का, हेही एकदा विचारून बघायचं. मर्यादा 130 असती तर सोलर पूर्ण, सँड आणि कॉम्प्रेसर अशी तिन्ही कामं बसली असती आणि निव्वळ मूल्य 58 लाख झालं असतं, म्हणजे जोडीपेक्षा 8.8 लाख जास्त. वरच्या 20 लाखांची किंमत ही एवढी. कॉम्प्रेसर विकणारा हप्त्यानं मशीन द्यायला तयार असेल आणि त्याच्या हप्त्यांमागचं व्याज 18 टक्के पडत असेल, तरी कॉम्प्रेसरचा इंडेक्स 1.22 राहतो आणि सौदा परवडतो. साडेसव्वीस टक्क्यांच्या आसपास पोचला की परवडत नाही. मर्यादा बँकेची असेल तर असा मार्ग शोधता येतो. पण घर गहाण टाकायचं नाही, म्हणून मालकानं स्वतःच रेघ ओढली असेल तर तिच्यावर वाद घालायचा नाही. फक्त त्या रेघेची किंमत त्याच्यासमोर लाखांत ठेवायची आणि तो म्हणेल ते मानायचं.

वर्षभरानं हा कागद पुन्हा काढून तीन आकडे ताडून बघावे लागतात: नव्या रेतीची खरेदी महिन्याला किती टनांनी कमी झाली, सोलरनं किती युनिट दिली, आणि कॉम्प्रेसरच्या मीटरवर किती युनिट पडली. सँड प्लांटमध्ये सगळ्यात जास्त फसगत होते. परत मिळालेल्या रेतीत धूळ जास्त राहिली की कास्टिंगला गॅसची छिद्रं पडतात, रिजेक्शन वाढतं आणि मोल्डिंगवाले गुपचूप पुन्हा नवी रेती मिसळायला लागतात. मग 14 लाखांचे 10 होतात. 10 लाखांवर सँड प्लांटच्या आठ वर्षांची आजची किंमत 49.7 लाख येते. 50 लाखांच्या प्लांटचा इंडेक्स एकाच्या किंचित खाली जातो. म्हणून पैसे भरण्याआधीच आपल्या रेतीचं पोतं प्लांट बनवणाऱ्याकडे पाठवून चाचणी करून घ्यायची आणि परत आलेल्या रेतीचा धुळीचा अहवाल हातात ठेवायचा.